गावाच्या पाणी प्रस्तावाचं इंग्रजी करताना: आकडा आधी, वाक्य नंतर

गावाकडून येणारा पाण्याचा प्रस्ताव बहुतेक वेळा एकाच साच्यात असतो. पहिलं पान गावाचा इतिहास, दुसरं पान पाणीटंचाईची व्यथा, तिसऱ्यावर कामांची यादी, मग अंदाजपत्रक आणि शेवटी "तरी आपण आमच्या प्रस्तावाचा सहानुभूतीपूर्वक विचार करावा ही नम्र विनंती". अनुदान देणाऱ्या संस्थेचा इंग्रजी फॉर्म यातलं फार थोडं मागतो. त्याला हवं असतं किती, कुठे, कधी, किती रुपयांत आणि तुम्ही ते मोजणार कसं. म्हणून अशा प्रस्तावाचं वाक्याला वाक्य लावून भाषांतर केलं तर ते भाषा म्हणून बरोबर आणि अर्ज म्हणून नापास ठरतं.

मी गेली काही वर्षं असे प्रस्ताव इंग्रजीत करून देतो. इथे एकच प्रस्ताव धरून सगळी पद्धत सांगतो. गावाचं नाव गाळलं आहे आणि आकडे हिशेब समजायला सोपे व्हावेत म्हणून गोल केले आहेत, दरही नमुन्याचेच समजा. गाव अवर्षणप्रवण पट्ट्यातलं, 214 कुटुंबांचं. कामं दोन: जुन्या पाझर तलावातला गाळ काढणं आणि ओढ्यावरचे गळके दोन सिमेंट बंधारे दुरुस्त करणं. मराठी प्रस्तावातला दावा असा होता: "या कामामुळे 11.8 टीसीएम पाणीसाठा वाढून परिसरातील 60 हेक्टर क्षेत्र ओलिताखाली येईल व गाव कायमस्वरूपी टँकरमुक्त होईल."

या एका वाक्यात तीन दावे आहेत, आणि तिन्ही जसेच्या तसे इंग्रजीत गेले असते तर तिन्ही अंगावर आले असते.

पहिलं काम: आकड्यांचा तक्ता, तोही मराठीत

भाषांतर सुरू करण्याआधी प्रस्तावातला प्रत्येक आकडा एका स्प्रेडशीटमध्ये उतरवून घ्या. एका ओळीत एक आकडा. त्याच्यापुढे रकाने: तो कुठल्या पानावर आहे, एकक काय, तो मोजलेला आहे की अंदाजाचा, आणि त्याला कागद कुठला आहे. हे काम कंटाळवाणं आहे, पण प्रस्तावातली बहुतेक भांडणं इथेच सापडतात. आमच्या प्रस्तावात कुटुंबांची संख्या पान 1 वर 214 होती आणि पान 6 वर 231. ग्रामसेवकांना फोन केला तेव्हा कळलं की 231 हे घरपट्टीच्या नोंदीतले उंबरठे आहेत, त्यात बंद घरं आणि दोन दुकानगाळेही आले. इंग्रजी फॉर्ममध्ये हाच आकडा तीन ठिकाणी विचारतात, आणि तपासणारा तो तिन्ही ठिकाणी ताडून बघतो.

या तक्त्यात एककं एकसारखी करून घ्यायची. मराठी कागदात एकर, गुंठे, हेक्टर-आर, फूट, ब्रास, घनमीटर, लिटर आणि टीसीएम सगळं एकत्र नांदत असतं. इंग्रजी अर्जासाठी हेक्टर, मीटर आणि घनमीटर एवढीच ठेवा. एक एकर म्हणजे 0.405 हेक्टर, एक गुंठा म्हणजे 101 चौरस मीटर, आणि मुरूम, वाळू, गाळाचा एक ब्रास म्हणजे 100 घनफूट, अर्थात 2.83 घनमीटर. टीसीएम म्हणजे हजार घनमीटर, हे आपल्याकडे जलसंधारणाच्या कामावर असलेल्या प्रत्येकाला पाठ असतं. परदेशी वाचकाला नसतं. नैसर्गिक वायूच्या व्यवहारात तीच तीन अक्षरं लाख कोटी घनमीटरसाठी वापरतात. तेव्हा लघुरूप सोडा आणि घनमीटर पूर्ण आकड्यात लिहा.

लाख आणि कोटी हा वेगळाच सापळा आहे. 1 लाख म्हणजे 0.1 मिलियन, 1 कोटी म्हणजे 10 मिलियन, हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी रात्री बारा वाजता "72 लाख लिटर"चं 72 मिलियन होतं. खरं ते 7.2 मिलियन. माझा उपाय साधा आहे: लाखाचा आकडा आधी सगळी शून्यं मांडून अंकात लिहायचा, मग उजवीकडून तीन-तीन अंकांवर स्वल्पविराम टाकायचे. 7,50,000 चं 750,000 होतं, 16,50,000 चं 1,650,000 होतं. तोंडी रूपांतर करायचंच नाही. आणि एका अर्जात दोन्ही तऱ्हेचे स्वल्पविराम कधीही येऊ देऊ नका.

दुसरं काम: दावा हिशेबात बसतो का ते बघणं

हे भाषांतरकाराचं काम नाही असं पुष्कळांना वाटतं. मला उलटं वाटतं. इंग्रजीत उतरवणारा माणूस हा त्या प्रस्तावाचा पहिला बाहेरचा वाचक असतो, आणि जे त्याला खटकतं ते पुढच्यालाही खटकणारच.

11.8 टीसीएमपासून सुरुवात करू. यातले 2.8 बंधाऱ्यांचे आणि 9 गाळाचे होते. 9 कुठून आले? गावाने हिशेब केला होता: ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या 3,000 खेपा, प्रत्येक खेपेत सुमारे 3 घनमीटर गाळ, म्हणून 9,000 घनमीटर. पण ट्रॉलीत भरलेला गाळ सुटा असतो, फुगलेला असतो. तलावाच्या पोटात तोच गाळ दबून बसलेला असतो. सुका गाळ खोदल्यावर साधारण पाव हिश्शाने फुगतो असं धरलं तर 9,000 घनमीटर सुट्या गाळामागे तलावात पडणारा खड्डा 7,200 घनमीटरचा. पाणी खड्ड्यात साठतं, ट्रॉलीत नाही. म्हणजे साठवण वाढ 7,200 अधिक 2,800, एकूण 10,000 घनमीटर. काम सुरू होण्याआधी आणि संपल्यावर तलावाच्या तळाच्या पातळ्या घेतल्या तर हा आकडा सिद्ध करता येतो, खेपा मोजून येत नाही. म्हणून इंग्रजीत हा आकडा लिहिताना "खड्ड्याच्या मापाने" असं स्पष्ट म्हणावं लागतं.

आता 60 हेक्टर. एका हेक्टरला एक पाणी द्यायचं, साधारण 7 सेंटिमीटर उंचीचं, तर 700 घनमीटर लागतात. 10,000 घनमीटरमध्ये 14 हेक्टरला एक पाणी होतं. तलाव पावसाळ्यात दोनदा भरला असं धरलं तर 28. त्यातून बाष्पीभवन आणि खाली वाहून जाणारं पाणी वजा करायचं. रब्बी ज्वारी-हरभऱ्याला एक संरक्षित पाणी म्हटलं तरी 20 हेक्टरच्या वर हात जात नाही. सरपंचांना विचारलं.

"आबा, हे 60 हेक्टर कुठनं आलं?"

"मागच्या प्रस्तावात होतं की."

"मागचा प्रस्ताव कशाचा होता?"

"तो नव्या तलावाचा होता. झालाच नाही."

अशा जागी भाषांतरकाराने स्वतःच्या अधिकारात आकडा बदलू नये. हिशेब चार ओळींत लिहून पाठवावा, प्रस्ताव ज्या अभियंत्याने केला त्याच्याकडून दुरुस्ती लेखी घ्यावी आणि मराठी प्रतही दुरुस्त करून घ्यावी. इंग्रजीत 20 आणि मराठीत 60 असं राहिलं, आणि उद्या संस्थेचा माणूस गावात येऊन ग्रामपंचायतीच्या भिंतीवरचा फलक वाचून गेला, तर खोटं कोण बोललं हा प्रश्न उभा राहतो.

शब्द: जिथे अर्थ बदलतो तिथेच थांबा

सगळ्या शब्दांवर डोकं लावायची गरज नसते. माझ्या अनुभवात चार-पाच शब्दच घात करतात.

"नाला" हा पहिला. शब्दकोशातून ड्रेन घेतलात तर वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे गटार येतं आणि पिण्याच्या पाण्याच्या प्रकल्पात गटाराचं पाणी कशाला अडवताय असा प्रश्न येतो. ओढा किंवा नाला म्हणजे पावसाळी प्रवाह, सीझनल स्ट्रीम. "गाळ" म्हणजे सिल्ट. स्लज लिहिलंत तर पुन्हा सांडपाणी. "बंधारा" म्हणजे चेक डॅम किंवा विअर. नुसतं डॅम लिहिलं तर बऱ्याच संस्थांच्या फॉर्ममध्ये विस्थापन आणि पर्यावरणाची वेगळी प्रश्नावली उघडते, आणि तुमचा दीड मीटर उंचीचा सिमेंट बंधारा धरणाच्या रांगेत जाऊन बसतो. पहिल्यांदा उल्लेख येईल तिथे उंची आणि लांबी लिहून टाका, म्हणजे शंका राहत नाही.

"अंदाजपत्रक" जरा जास्त फसवं आहे, कारण मराठीत त्याचे दोन अर्थ आहेत. अभियंत्याने दरसूचीवरून केलेलं कामाचं अंदाजपत्रक म्हणजे एस्टिमेट, आणि संपूर्ण प्रकल्पाचं अंदाजपत्रक म्हणजे बजेट. प्रस्तावात "सोबत अंदाजपत्रक जोडले आहे" असं असेल तर जोडलेला कागद उघडून बघा. आमच्याकडे तो फक्त बंधारे दुरुस्तीचा एस्टिमेट होता, प्रकल्पाचं बजेट कुठेच नव्हतं.

आणि "लाभार्थी". 214 कुटुंबांना पिण्याचं पाणी, 40 शेतकऱ्यांना विहिरीचं पाणी, 85 शेतकऱ्यांना शेतात टाकायला गाळ. मराठी प्रस्ताव याची बेरीज करून 339 लाभार्थी सांगत होता. ते 40 आणि 85 त्या 214 मधलेच आहेत. इंग्रजीत एकूण 214 कुटुंबं लिहायची आणि त्यातली किती कुठल्या कामात येतात ते वेगळं सांगायचं.

हे शब्द एकदा ठरले की आकड्यांच्या फाइलमध्येच दुसऱ्या पानावर लिहून ठेवा, आणि शेवटपर्यंत तेच वापरा. मराठीत आपण एकच शब्द सारखा येऊ नये म्हणून कुठे बंधारा, कुठे बांध, कुठे साठवण रचना लिहितो. अर्जात हा लालित्याचा हट्ट सोडावा लागतो, नाहीतर तपासणारा तीन वेगळी बांधकामं मोजतो.

बजेटच्या ओळी

मूळ प्रस्तावातलं खर्चाचं पान असं होतं: गाळ काढणे व वाहतूक 11,40,000, बंधारे दुरुस्ती 3,60,000, देखरेख, मानधन व किरकोळ 1,50,000, एकूण 16,50,000. तीन ओळींत साडेसोळा लाख. यातला कुठला रुपया अनुदानातून जाणार आणि कुठला गाव घालणार हे कळत नाही, आणि "किरकोळ" हा शब्द तर कुठल्याच संस्थेला चालत नाही.

बजेटची ओळ इंग्रजीत करताना एक कसोटी लावा: त्या एका ओळीत नग, एकक, दर आणि गुणाकार दिसतो का? दिसत नसेल तर ओळ फोडायची. गाळ काढण्याची ओळ फोडल्यावर दोन निघाल्या. पोकलेनचं काम 120 तास, तासाला 2,000 रुपये डिझेलसह, म्हणजे 2,40,000, हे अनुदानातून. वाहतूक 3,000 खेपा, खेपेला 300 रुपये, म्हणजे 9,00,000. हे शेतकरी स्वतःच्या खर्चाने करणार, कारण गाळ त्यांच्या शेतात जाणार. पहिली ओळ फॉर्ममध्ये अशी गेली:

```
Silt excavation, percolation tank: 7,200 m3 (measured in pit);
excavator 120 hours x INR 2,000 (fuel included) = INR 240,000
```

इथे तासही आहेत आणि घनमीटरही. दोन्ही मुद्दाम ठेवले. नुसते तास लिहिले तर यंत्र 120 तास चाललं एवढंच सिद्ध होतं, गाळ किती निघाला ते नाही. तासाला 60 घनमीटर हा वेग दोन आकड्यांच्या भागाकारातून आपोआप दिसतो आणि अनुभवी माणसाला तो पटण्यासारखा आहे की नाही ते लगेच कळतं.

देखरेख-मानधनाची दीड लाखांची ओळ पाच ठिकाणी गेली. विहिरींची पातळी मोजायच्या टेप आणि नोंदवह्या 18,000. पातळी मोजणाऱ्या गावातल्या मुलाचं मानधन 18 महिने, महिना 3,000 प्रमाणे 54,000. अभियंत्याच्या 6 भेटी, भेटीला 4,000, म्हणजे 24,000. लेखापरीक्षण व हिशेब 24,000. आणि उरलेले 30,000 हे दोन बांधकामांच्या 6,00,000 वर 5 टक्के, अनपेक्षित खर्चासाठी. "किरकोळ" आणि "अनपेक्षित" यात फरक आहे: अनपेक्षित खर्च कशाच्या किती टक्के आहे आणि कोणाच्या मंजुरीने काढायचा हे सांगता येतं. अनुदानाची बेरीज 7,50,000 झाली.

मानधनाच्या ओळीत माणूस काय करतो ते लिहा. नुसतं सॅलरी लिहिलंत तर ती प्रशासकीय खर्चात धरली जाण्याची शक्यता वाढते. पैसा परदेशातून येत असेल तर 2020 च्या दुरुस्तीनंतर एफसीआरए कायद्याने प्रशासकीय खर्चावर 20 टक्क्यांची मर्यादा घातली आहे, आणि असा निधी नोंदणी असलेल्या संस्थेला दुसऱ्या संस्थेकडे वळता करता येत नाही. म्हणून "निधी ग्रामपंचायतीकडे वर्ग करण्यात येईल" असं एखादं वाक्य मराठी प्रस्तावात असेल तर तिथे भाषांतर थांबवा आणि अर्ज करणाऱ्या संस्थेच्या लेखापालाशी बोला. देशातल्या कंपनीचा सीएसआर निधी असेल तर हे नियम वेगळे, तिथे संस्थेचा सीएसआर-1 नोंदणी क्रमांक विचारतात.

लोकवर्गणीबद्दल एक नाजूक गोष्ट. 9 लाखांची वाहतूक इन-काइंड कॉन्ट्रिब्युशन म्हणून दाखवली की अर्ज भक्कम दिसतो, गावाचा वाटा अनुदानापेक्षा मोठा. पण वर्षअखेर लेखापरीक्षक त्या 3,000 खेपांचा पुरावा मागतो. खेपवही, तारीख, शेतकऱ्याचं नाव, गट नंबर, सही. ती ठेवली जाणार नसेल तर रक्कम कमी दाखवा. गावाचा वाटा कमी पडला म्हणून शेवटचा हप्ता अडकल्याचं मी पाहिलं आहे. काम पूर्ण होतं, वही नव्हती.

एका डॉलरची तफावत

फॉर्म डॉलरमध्ये मागत असेल तर मूळ हिशेब रुपयातच ठेवा, दर आणि त्याची तारीख वर एका खान्यात लिहा, आणि प्रत्येक ओळ सूत्राने काढा. दर `B1` मध्ये आणि रुपये `E` रकान्यात असतील तर:

```
=ROUND(E5/$B$1,0)
```

इथे एक गंमत होते. समजा दर 85 रुपये. आपल्या सात ओळी अनुक्रमे 2,824, 4,235, 212, 635, 282, 282 आणि 353 डॉलर होतात. बेरीज 8,823. पण 7,50,000 ला सरळ 85 ने भागलं तर 8,823.53, म्हणजे पूर्णांकात 8,824. एका डॉलरचा फरक. ऑनलाइन फॉर्म ओळींची बेरीज स्वतः करतो, आणि तुम्ही वरच्या चौकटीत मागणीची रक्कम 8,824 लिहिली असेल तर तो लाल अक्षरांत अडतो किंवा, त्याहून वाईट, अडत नाही आणि तपासणाऱ्याला दिसतो. मागणीची रक्कम नेहमी ओळींच्या बेरजेवरून घ्या, रुपयांच्या एकूण रकमेवरून नाही.

परिणाम मोजता येईल असा लिहिणं

मराठीत काम झाल्याने जे होतं त्या सगळ्याला आपण फलनिष्पत्ती म्हणतो. फॉर्ममध्ये त्याचे दोन रकाने असतात. तुम्ही स्वतः जे केलंत ते आउटपुट: 7,200 घनमीटर गाळ काढला, दोन बंधारे दुरुस्त झाले. त्यामुळे लोकांच्या आयुष्यात जे बदललं ते आउटकम: टँकर किती दिवस कमी लागला, किती हेक्टरला रब्बीचं पाणी मिळालं. पहिला रकाना बहुतेकांना जमतो. दुसऱ्यात "जलजागृती होऊन गावाचा सर्वांगीण विकास होईल" येतं, आणि त्याचं इंग्रजी कितीही सुंदर केलं तरी ते मोजायचं कशाने?

टँकरमुक्तीचा दावा घेऊ. आधी विचारायचं: आज किती दिवस टँकर लागतो? ग्रामपंचायतीच्या टँकर नोंदवहीतून मागच्या तीन उन्हाळ्यांचे आकडे काढले: 92, 64 आणि 0. तिसऱ्या वर्षी टँकर लागलाच नाही, कारण पाऊस भरपूर झाला होता. मराठी प्रस्तावाने 92 हा आकडा धरला होता, सगळ्यांत वाईट वर्षाचा. समजू शकतो, व्यथा मोठी दिसते. पण त्याच न्यायाने प्रकल्पानंतर एक चांगलं वर्ष आलं आणि टँकर शून्य झाला तर त्यात तलावाचं श्रेय किती आणि ढगाचं किती? संस्थेतला कोणीतरी हे विचारणारच.

मार्ग असा: परिणामाला पावसाची अट जोडा आणि तुलना सारख्या पावसाच्या वर्षाशी करा. 64 दिवसांच्या वर्षी महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकावर सरासरीच्या 80 टक्के पाऊस होता. तेव्हा ते वर्ष आधाररेषा. "कायमस्वरूपी टँकरमुक्त" हा शब्दप्रयोग काढला आणि फॉर्ममध्ये हे लिहिलं:

```
Days of tanker supply, February to June: from 64 (baseline year,
rainfall 80% of average) to 20 or fewer, in a project year with
rainfall of 75% to 85% of average.
Source: village tanker register; circle rain gauge.
```

शेवटची ओळ विसरू नका. आकडा कुठल्या वहीतून येणार ते लिहिलं नाही तर तो आकडा मोजता येण्याजोगा राहत नाही.

विहिरींच्या पातळीत भाषेचा आणखी एक घोळ आहे. गावात कोणालाही विचारा, "विहिरीत बारा फूट पाणी आहे" असं सांगतील, म्हणजे तळापासून पाण्याची उंची. भूजलाच्या नोंदीत मोजतात ते जमिनीपासून पाण्यापर्यंतचं अंतर. विहीर जमिनीपासून 40 फूट खोल असेल तर 12 फूट पाणी म्हणजे जमिनीखाली 28 फुटांवर, 8.5 मीटर. पाणी वाढलं की गावाचा आकडा वाढतो आणि भूजलाचा आकडा कमी होतो. "पातळी 8.5 वरून 8 होईल" असं इंग्रजीत टाकलंत आणि काय मोजलं ते सांगितलं नाही तर अर्धे वाचक पाणी घटलं असं समजतील. शिवाय टेप कठड्यावरून सोडली असेल तर कठड्याची उंची वजा करावी लागते, आणि मोटार चालू करण्याआधी, सकाळी मोजावं लागतं. आम्ही 12 विहिरी धरल्या, 9 तलाव-बंधाऱ्यांच्या खालच्या अंगाच्या आणि 3 ओढ्यापासून लांबच्या. लांबच्या तिन्हींची पातळीही तेवढीच वर आली तर ते श्रेय पावसाचं, आपलं नाही. आउटकम म्हणून लिहिलं: मार्चअखेर 9 विहिरींची सरासरी पातळी 3 लांबच्या विहिरींच्या तुलनेत किमान अर्धा मीटर वर.

अर्धा मीटर हे ऐकायला किरकोळ वाटतं. सरपंचांनाही वाटलं. पण काळ्या पाषाणाच्या भेगांमध्ये फार थोडं पाणी मावतं, आणि पावसाळ्यात चढलेली पातळी मार्चपर्यंत बरीच उतरून जाते. मोठा आकडा लिहून वर्षभराने खुलासा लिहीत बसण्यापेक्षा हे बरं.

शेवटची तपासणी उलट्या दिशेने

इंग्रजी मसुदा झाला की तो मूळ मराठीशी ताडून बघायचा नाही. डोळा जे अपेक्षित आहे तेच वाचतो. मसुदा हातात घेऊन सरपंच, ग्रामसेवक आणि दोन शेतकऱ्यांपुढे तोंडी मराठीत सांगायचा, विशेषतः बजेट आणि आउटकमची पानं. आम्ही ग्रामपंचायतीच्या ओसरीवर बसलो होतो. टँकरच्या ओळीपर्यंत कोणी काही बोललं नाही. "20 दिवस किंवा त्याहून कमी" म्हटल्यावर कोपऱ्यातल्या एका मामांनी विचारलं, "वरच्या वस्तीचं काय? तिकडं टँकर वेगळा जातो. तो कुठल्या वहीत?"

तो कुठल्याच वहीत नव्हता. वरच्या वस्तीचा टँकर शेजारच्या गावाच्या फेरीत धरला जात होता, म्हणून आमचे 64 दिवस फक्त गावठाणाचे होते, आणि 214 कुटुंबांतली 31 वस्तीवरची. त्या रात्री आउटकमच्या ओळीत "मुख्य गावठाणातील 183 कुटुंबे" असं घातलं, वस्तीची 31 वेगळ्या ओळीत टाकली, त्यांच्यासाठी आधाररेषा "पहिल्या तीन महिन्यांत नोंदवली जाईल" अशी ठेवली, आणि पातळी मोजणाऱ्या मुलाच्या कामात वस्तीच्या टँकरची नोंदवही धरली. त्याच्या मानधनाची 54,000 ची ओळ तशीच राहिली, फक्त तिच्यातलं कामाचं वर्णन चार शब्दांनी वाढलं.